हाताला घट्ट चिकटणारा, पण धूळ न उचलणारा व्हॅक्यूम क्लीनर : एक प्रकरण अभ्यास

व्हॅक्यूम क्लीनर नीट ओढत नाही असे वाटले की बहुतेक जण सर्वांत आधी नळीच्या तोंडावर तळहात ठेवून पाहतात. हात घट्ट ओढला गेला तर यंत्र ठीक आहे असे मानले जाते, आणि मग दोष ब्रशला, गालिच्याला किंवा यंत्राच्या वयाला दिला जातो. पुढील प्रकरणात हेच झाले होते आणि त्यामुळे दोन दिवसांत संपण्यासारखे काम जवळपास दोन महिने रेंगाळले. तळहाताची परीक्षा खोटी नसते. मात्र ती ज्या प्रश्नाचे उत्तर देते तो प्रश्न वेगळा असतो, आणि हा फरक एकदा कळला की पिशवी, फिल्टर आणि नळी यांपैकी दोष कुठे आहे हे घरच्या घरी ठरवता येते. म्हणून हे प्रकरण पायरीपायरीने लिहून ठेवत आहे.

यंत्र माझ्या मावशीचे होते. चाकांवर फिरणारे, १४०० वॉटचे, आत कागदी पिशवी बसणारे आणि साधारण सहा वर्षे वापरलेले. अशा यंत्रात हवेचा मार्ग असा असतो : जमिनीवरचा ब्रश, सरळ पाइप, मुठीजवळचे वळण, लवचिक नळी, यंत्राच्या तोंडातून पिशवी, पिशवीच्या कागदातून गाळून बाहेरचा कप्पा, मग मोटरच्या आधीचा स्पंजचा फिल्टर, मोटर आणि तिचा पंखा, आणि शेवटी हवा बाहेर पडण्याच्या जागी घड्यांचा फिल्टर. या साखळीत कुठेही वाट अरुंद झाली की परिणाम ब्रशजवळ एकसारखाच दिसतो, म्हणजे धूळ जागेवरच राहते. ब्रशकडे पाहून कारण ओळखता येत नाही ते यामुळेच.

तक्रारीची पूर्वपीठिका महत्त्वाची होती. घरातील दोन खोल्यांच्या भिंतींना पुट्टी लावून ती घासण्यात आली होती आणि त्यानंतर खाली साचलेली पांढरी भुकटी मावशीने याच यंत्राने ओढून घेतली होती. काही दिवसांतच यंत्र मंद झाले. तिने पिशवी बदलली, तेव्हा थोडा फरक पडला, पण पूर्वीची ओढ परत आली नाही, आणि दोन आठवड्यांत पुन्हा तीच स्थिती झाली. एकदा तर सुमारे पंधरा मिनिटे चालल्यावर यंत्र आपोआप बंद पडले आणि पाऊण तासाने आपोआपच सुरू होण्याजोगे झाले. झाकणावरच्या छोट्या खिडकीत पिशवी भरल्याची जी खूण असते ती मात्र या सगळ्या काळात हिरवीच राहिली होती.

“अरे, पिशवी नवी आहे, खूण हिरवी आहे आणि हाताला तर इतका घट्ट धरतो की सोडवावा लागतो,” मावशी म्हणाली. “मग जमिनीवरचं का उचलत नाही? मोटरच गेली असणार.”

तिच्या या तीन निरीक्षणांपैकी एकही चुकीचे नव्हते. त्यांतून काढलेला अर्थ मात्र तिन्ही ठिकाणी चुकला होता.

पकड आणि प्रवाह

मोटरला जोडलेला पंखा आतली हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा नळीतून आत धावते. धूळ उचलते ती ही धावणारी हवा. दाबातील फरक तिला फक्त ढकलतो. नळीचे तोंड तळहाताने पूर्ण बंद केले की हवा वाहणे थांबते, आणि हवा वाहतच नसेल तर फिल्टरमध्ये किंवा पिशवीत तिला अडथळाही होत नाही. अडथळा तिथे आहेच, पण त्याला अडवायला काही उरलेले नसते. अशा वेळी पंखा जेवढा दाबफरक निर्माण करू शकतो तेवढा सगळा तळहातापर्यंत पोहोचतो, मग फिल्टर नवा असो की पुट्टीने भरलेला असो.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. या प्रकारच्या घरगुती यंत्रात तोंड पूर्ण बंद असताना दाबातील फरक साधारण २० किलोपास्कलच्या आसपास असतो. ३२ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे तळहातावर जवळपास १.६ किलो वजनाइतकी ओढ बसते. हाताला ती भरपूर जाणवते आणि यंत्र दमदार आहे असा विश्वास बसतो. प्रत्यक्षात त्या क्षणी यंत्रातून एक लिटरही हवा जात नसते.

म्हणून माझ्या मते दोन परीक्षा वेगळ्या ठेवाव्यात. तोंड पूर्ण बंद करून पाहिलेली पकड मोटर, पंखा आणि हवेची गळती यांबद्दल सांगते. तोंड मोकळे ठेवून पाहिलेला प्रवाह वाटेतील अडथळ्याबद्दल सांगतो. पकड चांगली आणि प्रवाह मंद, अशी जोडी दिसली तर मोटर शाबूत आहे आणि वाट तुंबली आहे. पकडच सैल असेल तर आधी मुठीवरची हवा सोडण्याची सरकपट्टी उघडी राहिली आहे का ते पाहावे, मग झाकणाचे रबर आणि नळीला गेलेल्या चिरा तपासाव्यात आणि त्यानंतरच मोटरकडे वळावे. मावशीच्या यंत्राची पकड उत्तम होती, सरकपट्टी बंद होती आणि कुठूनही सूं-सूं आवाज येत नव्हता. त्यामुळे मोटर गेली नाही, हे तिच्याच निरीक्षणावरून सांगता आले.

आवाजानेही तेच सांगितले. यंत्र नेहमीपेक्षा चढ्या, बारीक सुरात चालत होते. यंत्रावर ताण येत आहे म्हणून सूर चढतो, असे अनेकांना वाटते. खरे तर उलटे असते. पंख्याला ढकलायला हवा कमी मिळाली की त्याचे काम हलके होते आणि या प्रकारची मोटर काम हलके झाले की अधिक वेगाने फिरते. पण ही मोटर थंड राहते ती तिच्यातून जाणाऱ्या हवेनेच, आणि ती हवाच आटली की वेगाने फिरणारी मोटर तापत जाते. पंधरा मिनिटांनी यंत्र बंद पडले ते आतील तापरक्षक स्विचमुळे. मोटर निवल्यावर तो स्विच पुन्हा जुळला म्हणून यंत्र आपोआप सुरू होण्याजोगे झाले. विजेच्या जोडणीत दोष नव्हता. मात्र असे वारंवार होऊ दिले तर वेढ्यांवरचे आवरण भाजते आणि मग मोटर खरोखरच जाते, म्हणून हा प्रसंग मी गंभीर मानला आणि तपास संपेपर्यंत यंत्र सलग काही सेकंदांपेक्षा जास्त चालवले नाही.

मोजमाप

“थोडा फरक पडला” असे म्हणून काम भागत नाही, कारण दोन कारणे एकत्र असतील तर प्रत्येक दुरुस्तीनंतर थोडाच फरक पडतो आणि माणूस गोंधळतो. म्हणून प्रवाह मोजण्याची एक साधी रीत वापरली. कचऱ्यासाठी मिळणारी ५० लिटरची जाड प्लास्टिकची पिशवी हवेने फुगवून तिचा गळा मुठीत आवळून धरायचा, यंत्र पूर्ण शक्तीवर सुरू करून मोटरला वेग घेऊ द्यायचा, मग पिशवीचा गळा नळीच्या तोंडाभोवती घट्ट धरून मूठ सैल करायची. पिशवी रिकामी होऊन प्लास्टिक तोंडावर बसते त्या क्षणी मोटरचा सूर एकदम चढतो, त्यामुळे शेवट कानांनी नेमका पकडता येतो. मोबाइलवर चित्रफीत घेतली तर अर्ध्या सेकंदापर्यंतचा फरक सहज वाचता येतो. या मोजणीचा आकडा प्रयोगशाळेच्या तोडीचा नसतो, पण एकाच पिशवीने, एकाच हाताने आणि प्रत्येक वेळी तीनदा मोजल्यास तुलनेसाठी तो पुरेसा भरवशाचा ठरतो.

ब्रश काढून, पाइप आणि नळी जोडलेल्या स्थितीत पहिली मोजणी केली. पिशवी रिकामी व्हायला सुमारे साडेसहा सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला जेमतेम आठ लिटर हवा. या आकाराचे निरोगी यंत्र नळीसकट सेकंदाला वीस लिटरांच्या पुढे सहज जाते. ब्रश काढूनही हा हाल असल्याने दोष ब्रशमध्ये नाही, किंवा केवळ ब्रशमध्ये नाही, हे निश्चित झाले. ब्रशच्या मानेत आणि फिरत्या सांध्यात केसांचा गुंता अडकतो, म्हणून तो उलटा करून पाहिला होता. त्यात दोन-चार दोरे निघाले, बाकी काही नाही.

दुसरी मोजणी सर्वांत उपयोगाची ठरली. नळी यंत्रापासून सोडवली आणि पिशवीचा गळा थेट यंत्राच्या तोंडावर धरला. या एका कृतीने साखळीचे दोन तुकडे होतात : तोंडाच्या बाहेर नळी, पाइप, ब्रश, आणि तोंडाच्या आत पिशवी व फिल्टर. इथे वेळ एकदम दोन सेकंदांवर आला असता तर सगळा दोष नळीकडे गेला असता. वेळात काहीच फरक पडला नसता तर नळी निर्दोष ठरली असती. वेळ आला पाच सेकंद. फरक पडला, पण पुरेसा नाही. याचा अर्थ मला तेव्हाच नोंदवून ठेवावासा वाटला : यंत्राच्या आत मोठा अडथळा आहेच, आणि बाहेर नळीतही काहीतरी आहे. आधीच्या दोन महिन्यांत प्रत्येक उपाय अर्धवट का लागू पडला, याचे उत्तर या पाच सेकंदांत होते.

पिशवी : भरलेली नाही, पण बंद झालेली

आता आतल्या बाजूकडे वळलो. प्लग काढून झाकण उघडले. पिशवी हातात घेतली तेव्हा ती एक तृतीयांशही भरलेली नव्हती आणि मावशीने ती बदलण्यास नकार दिला तो समजण्यासारखा होता. पण व्हॅक्यूमची पिशवी केवळ साठवण नसून गाळणीही असते. आत आलेली सगळी हवा तिच्या कागदाच्या छिद्रांतूनच पुढे जाते. केस, धागे, खडे, कागदाचे कपटे असा जाडाभरडा कचरा पिशवीत सैल पडून राहतो आणि त्याच्या फटींतून हवा खेळत राहते. पुट्टीची भुकटी पिठापेक्षाही बारीक असते. ती कागदाच्या छिद्रांत शिरून आतल्या बाजूने सलग लेप धरते. अशी पिशवी मूठभर भुकटीनेही निकामी होऊ शकते, आणि बाहेरून ती अर्धी रिकामी दिसते.

मी पिशवीचा एक कोपरा कापून आतून पाहिले. कागदाचा मूळ तपकिरी रंग कुठेच दिसत नव्हता. बोटाने पुसल्यावर पांढरा थर निघाला, पण त्याखालचा कागदही पांढुरकाच राहिला, म्हणजे भुकटी तंतूंच्या आत बसली होती. पिशवी झटकून, रिकामी करून पुन्हा वापरण्याचा मोह अशा वेळी होतो. तसे केल्याने सैल कचरा जातो, छिद्रे मोकळी होत नाहीत.

पिशवी काढून टाकून यंत्र चालवून पाहावे असेही काही जण सुचवतात. ते टाळावे, कारण कप्प्यात उरलेली धूळ थेट मोटरच्या फिल्टरवर जाते आणि फिल्टर नीट बसलेला नसेल तर मोटरमध्येही जाते. बऱ्याच यंत्रांत तर पिशवी नसल्यास झाकणच लागत नाही. खात्री करायची तर नवी पिशवी लावून करावी. आम्ही तसेच केले. यंत्राच्या तोंडावर वेळ पाच सेकंदांवरून चारवर आला. म्हणजे पिशवीचा वाटा खरा होता, तरीही चार सेकंद म्हणजे निरोगी प्रवाहाच्या निम्मेच. नवी कोरी पिशवी, नळी जोडलेली नाही, आणि हवा अजूनही अडते आहे. आता पिशवीच्या पुढचा फिल्टर उरला.

स्पंजचा फिल्टर

पिशवीच्या कप्प्याच्या मागील बाजूस जाळीच्या चौकटीत हा स्पंज बसवलेला होता. मावशीला तो तिथे आहे हेच ठाऊक नव्हते, आणि यात तिचा दोष नाही, कारण पिशवी लावलेली असताना तो तिच्याआड पूर्ण झाकला जातो. चौकट बाहेर काढली तेव्हा पिशवीकडची बाजू खडूने सारवल्यासारखी दिसत होती. स्पंजच्या कडेचा, चौकटीखाली दबलेला सुमारे चार मिलिमीटरचा पट्टा तेवढा मूळ करड्या रंगाचा राहिला होता. कागदी पिशवीने जी सर्वांत बारीक भुकटी अडवली नाही ती इथे येऊन बसली होती, आणि दोन पिशव्या बदलल्या गेल्या तरी हा स्पंज तोच होता.

मावशीने पहिल्यांदा पिशवी बदलली तेव्हा थोडाच फरक का पडला, ते आता उलगडले. हिरव्या खुणेचे रहस्यही इथेच होते, आणि या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग मला तोच वाटतो. पिशवी भरल्याची खूण पिशवीत डोकावून पाहत नाही. पिशवी आणि स्पंज यांच्यामधल्या कप्प्यातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा किती खाली गेला आहे, एवढेच ती ओळखते. पिशवी किंवा नळी तुंबली की पंखा कप्प्यातील हवा ओढून घेतो, बाहेरून ती भरून येत नाही, दाब फार घसरतो आणि खूण लाल होते. पण तुंबलेला स्पंज जर कप्पा आणि पंखा यांच्यामध्येच उभा असेल तर पंख्याची बरीच ओढ स्पंजमध्येच खर्च होते, कप्प्यापर्यंत पोहोचत नाही, आणि खूण निवांत हिरवी राहते. थोडक्यात, मंद ओढ आणि हिरवी खूण एकत्र दिसली तर मोटरच्या आधीच्या फिल्टरचा संशय आधी घ्यावा. मोटरच्या नंतरचा घड्यांचा फिल्टर तुंबला किंवा कुठे गळती झाली तरीही खूण हिरवीच राहते, पण गळती आम्ही पकडीच्या परीक्षेतून वगळली होती, आणि बाहेरच्या बाजूचा फिल्टर काढून मोजल्यावर वेळात काहीच फरक पडला नव्हता.

स्पंज धुताना एका गोष्टीची काळजी घेतली. काही पुट्ट्यांमध्ये पांढरे सिमेंट असते, आणि सिमेंट ओले होऊन तसेच राहिले तर स्पंजच्या आत घट्ट होते. म्हणून तो आधी घराबाहेर, नाक-तोंड झाकून, कोरडाच बराच वेळ हलक्या हाताने झटकला. मग बादलीत न बुडवता वाहत्या पाण्याखाली, भुकटी ज्या बाजूने शिरली त्याच्या उलट बाजूने पाणी सोडत धुतला. पहिले पाणी दुधासारखे निघाले. स्वच्छ पाणी येऊ लागेपर्यंत बराच वेळ गेला. पिळताना मुरगळला नाही, दोन तळहातांत दाबून पाणी काढले, कारण मुरगळलेला स्पंज फाटतो आणि चौकटीत पुन्हा नीट बसत नाही. मग तो सावलीत पूर्ण एक दिवस वाळवला. हाताला कोरडा लागणारा स्पंजही आतून ओला असू शकतो. ओल्या स्पंजवर धूळ चिखलासारखी बसते आणि पाण्याचा अंश मोटरमध्ये जातो. घाई असेल तर दुसरा स्पंज लावावा, ओला लावू नये. घड्यांचा कागदी फिल्टर तर धुऊच नये, त्यावर धुता येत असल्याचा स्पष्ट उल्लेख असेल तरच त्याला पाणी लावावे.

दुसऱ्या दिवशी कोरडा स्पंज बसवून यंत्राच्या तोंडावर मोजले. दोन सेकंद. आतली वाट मोकळी झाली होती.

लाल झालेली खूण

मावशीला वाटले काम झाले. तिने नळी, पाइप आणि ब्रश जोडून यंत्र सुरू केले, आणि दोन महिन्यांत जी खूण एकदाही हलली नव्हती ती सरकून लाल झाली.

“हे बघ, आता तर बिघडलाच,” ती काळजीने म्हणाली. “काल हिरवा होता.”

खरे तर यंत्र पहिल्यांदाच खरे सांगत होते. स्पंज मोकळा झाल्यामुळे पंख्याची पूर्ण ओढ कप्प्यापर्यंत पोहोचू लागली होती, आणि कप्प्यात बाहेरून हवा पुरेशी येत नव्हती. पिशवी नवी होती, म्हणजे अडथळा तिच्याही अलीकडे होता. कालच्या पाच सेकंदांनी ज्याची सूचना दिली होती तोच हा नळीतला दुसरा दोष. नळी आणि पाइप जोडून, ब्रशविना मोजले तेव्हा वेळ चार सेकंद आला. तोंडावर दोन आणि नळीसह चार, इतका फरक निरोगी नळीमुळे पडत नाही.

मोकळ्या नळीला सेकंदाला वीसपेक्षा जास्त लिटर हवा सोडता येते, मग काल आठ लिटर जात असताना तिचा दोष ठळक का झाला नाही, असा प्रश्न इथे पडू शकतो. एकामागे एक असलेल्या अडथळ्यांचे हेच वैशिष्ट्य आहे. एक मोठा अडथळा प्रवाहच इतका कमी करतो की दुसऱ्यावर फारसा भार येत नाही. शिवाय नळीतील अरुंद जागेचा विरोध प्रवाह दुप्पट झाला की साधारण चौपट होतो. स्पंज तुंबलेला असेपर्यंत तो झाकलेला राहिला. प्रवाह वाढताच तो उघडा पडला. ज्या दुरुस्तीनंतर अर्धीच सुधारणा होते तिथे ती दुरुस्ती चुकीची होती असे समजू नये. ती बरोबर असून तिच्यामागे आणखी काही असू शकते.

पाइप सरळ होता, तो उजेडाकडे धरून आरपार पाहिला, त्यात काही नव्हते. नळीतून आरपार दिसत नाही, म्हणून तिच्या यंत्राकडच्या टोकातून एक काचेची गोटी सोडली आणि नळी उभी धरून हलवत गेलो. गोटी खडखडत उतरली आणि मुठीजवळ थांबली. नळीला मूठ जिथे मिळते तिथे वळण असते, आणि कठीण लांबट वस्तू अडकण्याची ती ठरलेली जागा आहे : सरळ पाइपातून ती लांबीच्या दिशेने सुरळीत येते आणि वळणावर आडवी होते.

अडकलेली वस्तू पुढे ढकलून काढण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात. झाडूचा दांडा किंवा टोकदार तार घालून ढकलल्यास गुंता अधिक आवळतो आणि नळीच्या भिंतीला भोक पडते. मग तुंबण्याच्या जागी गळतीचा नवा दोष तयार होतो. वस्तू ज्या दिशेने शिरली त्याच दिशेने परत आणणे सोपे असते. आम्ही नळी उलटी केली, मुठीकडचे टोक यंत्राच्या तोंडावर दाबून धरले, जोडावर हाताने झाकण केले आणि यंत्र सुरू असताना नळी लांबवून, आखडून हलवली. आधी गोटी उलट्या दिशेने घरंगळून नळीबाहेर पडली होती. तिसऱ्या प्रयत्नात काहीतरी सुटल्याचा टप्प असा आवाज आला आणि गुंता मुठीच्या तोंडाशी आला. लगेच यंत्र बंद करून तो बोटांनी ओढून काढला.

मधोमध एक केसाची पिन होती, वळणाच्या दोन भिंतींना टेकून आडवी बसलेली. तिच्याभोवती लांब केस, धागे आणि गालिच्याचे तंतू गुंडाळले गेले होते, आणि त्या जाळ्यावर पुट्टीची भुकटी बसून पांढऱ्या गोळीसारखा घट्ट गुंता तयार झाला होता. हवेला जायला एका बाजूने करंगळीएवढी वाट उरली होती. पिन बहुधा पुट्टीच्या आधीपासूनच तिथे असावी. एकट्या पिनेने फारसे काही बिघडले नसते, पण पहिला केस अडवायला ती पुरली.

नळी मोकळी झाल्यावर पाइपासह पुन्हा मोजले तेव्हा वेळ सव्वादोन सेकंद आला, म्हणजे सेकंदाला सुमारे बावीस लिटर. सुरुवातीच्या जवळपास तिप्पट. ब्रश जोडून जमिनीपासून उचलून धरल्यावर खूण हिरवी राहिली, मोटरचा सूर खाली आला आणि मागून येणारी हवा अर्ध्या तासानंतरही फक्त कोमट होती. तळहाताची पकड तेवढी पहिल्या दिवशी होती तितकीच राहिली, आणि मावशीने ती मुद्दाम दोनदा करून पाहिली.

यानंतरचे पंधरा दिवस घरात बारीक भुकटी निघतच राहणार होती, कारण ती खिडक्यांच्या खाचांत आणि गालिच्यात बसलेली असते. म्हणून पिशवी किती भरली याकडे न पाहता, वेळ तीन सेकंदांच्या पुढे गेला की पिशवी बदलायची आणि त्याच वेळी स्पंज काढून पाहायचा, असे ठरवले. बाराव्या दिवशी वेळ तीन सेकंदांवर गेला. पिशवी पावही भरलेली नव्हती. ती बदलताच वेळ पुन्हा सव्वादोनवर आला, आणि स्पंजवर या वेळी फक्त मध्यभागी एक फिकट पांढरी छटा होती, जी झटकल्यावर निघून गेली. पुट्टीची जी भुकटी अजून भिंतीलगत साचलेली होती ती मात्र मावशीने आता ओल्या फडक्याने पुसून घेतली.